हिमनदीची कोरणी आणि तिचे अवशेष : मंदाकिनी खोऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना

पदवी स्तरावरील भूरूपशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हिमगव्हर, हिमोढ आणि यू-आकाराची दरी या संज्ञा आकृत्यांसह येतात. बहुतेक उदाहरणे आल्प्स किंवा नॉर्वेमधील असतात. सह्याद्रीच्या परिसरात वाढलेल्या विद्यार्थ्याला हिमनदी प्रत्यक्ष दिसत नाही, त्यामुळे या संज्ञा पाठांतरापुरत्याच उरतात. वास्तविक महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य यात्रेकरू ज्या केदारनाथला जातात, ते गाव हिमनदीने कोरलेल्या दरीत आणि हिमनदीनेच आणून टाकलेल्या गाळावर वसलेले आहे. केदारनाथ शिखराच्या (६,९४० मीटर) दक्षिण उतारावरून उतरणारी चोराबारी हिमनदी आणि तिच्यापासून निघणारी मंदाकिनी नदी यांच्या आधारे, बर्फ खडक कसा कोरतो आणि त्या कोरणीतून सुटलेला माल पुढे काय करतो, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

बर्फाला वाहणे कसे शक्य होते

बर्फ हा स्फटिकमय घन पदार्थ आहे. तरीही पुरेसा ताण दिल्यास तो हळूहळू आकार बदलतो. जे. डब्ल्यू. ग्लेन यांनी १९५० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की, ताण दुप्पट झाला तर बर्फाच्या विरूपणाचा वेग दुप्पट न होता साधारण आठपट होतो. म्हणून थर पातळ असताना बर्फ जवळजवळ स्थिर राहतो आणि विशिष्ट जाडी गाठताच लक्षणीय वेगाने सरकू लागतो. तळाशी सुमारे १ बार इतका कर्तन ताण निर्माण झाल्यावर हे घडते, असे ढोबळमानाने धरता येते. हा ताण बर्फाची घनता, गुरुत्वाकर्षण, जाडी आणि उताराच्या कोनाचा साइन यांच्या गुणाकाराइतका असतो. १० अंशांच्या उतारावर गणित केले तर जाडी सुमारे ६४ मीटर येते. ५ अंशांच्या उतारावर तीच १२७ मीटरच्या आसपास जाते. तीव्र उतारावरील हिमनद्या पातळ आणि मंद उतारावरील जाड का असतात, याचे उत्तर या साध्या हिशोबात आहे.

मात्र अंतर्गत विरूपणाने खडक झिजत नाही. खडक झिजण्यासाठी बर्फ तळावरून घसरला पाहिजे, आणि त्यासाठी तळाशी पाणी लागते. तळ गोठून खडकाला चिकटलेला असेल तर हिमनदी कितीही जाड असली तरी तिच्याखालचा भूभाग फारसा बदलत नाही. हिमनदी म्हटले की झीज आलीच, अशी आपली समजूत असते. ती या एका मुद्द्यावर तपासून घ्यावी लागते.

घासणे आणि उपटणे

वितळणबिंदूजवळचा बर्फ इतका मऊ असतो की तो स्वतः ग्रॅनाइट किंवा नाइसवर ओरखडा काढू शकत नाही. ओरखडे काढतात ते त्याच्या तळाशी रुतलेले दगड. बर्फ हा येथे धारदार हत्यार नसून हत्यार धरणारा हात आहे. या दगडांच्या घर्षणाने खडकावर प्रवाहाच्या दिशेने समांतर रेषा उमटतात आणि दगडांचे बारीक पीठ होते. हिमनदीच्या मुखातून बाहेर पडणारे दुधट, राखाडी पाणी हे या पिठाचेच असते.

दुसरी क्रिया उत्पाटनाची. खडकाच्या उंचवट्यावरून बर्फ पुढे जाताना उंचवट्यामागे पोकळी राहते. उन्हाळ्यात वितळलेले पाणी तिथे साचते, त्याचा दाब चढतो आणि उतरतो. दाब एकाएकी उतरला की बर्फाचा भार उंचवट्याच्या कडेवर एकवटतो आणि आधीच असलेल्या सांध्यांतील भेगा रुंदावतात. मोकळा झालेला ठोकळा मग बर्फाबरोबर निघून जातो. खडकात सांधे दाट असतील तर घर्षणापेक्षा उत्पाटनच अधिक माल सोडवते. चढाकडील बाजू गुळगुळीत आणि उताराकडील बाजू तुटकी अशी मेषशिला या दोन्ही क्रियांची एकत्र नोंद असते. ती पाहून बर्फ कोणत्या दिशेने गेला हे सांगता येते.

हिमगव्हराचा जन्म

सावलीच्या, वाऱ्याआडच्या खोलगट जागी हिम वर्षानुवर्षे साचते. मागील कड्यावरून हिमलोट येऊन त्यात भर घालतात. बर्फ पुरेसा जाड झाला की तो सरळ न घसरता खुर्चीत घसरून बसलेल्या माणसासारखा किंचित फिरत सरकतो : मागील बाजू खाली दबते, पुढील बाजू वर उचलली जाते. म्हणून झीज पायथ्याच्या मध्यभागी सर्वाधिक होते आणि पुढे खडकाचा उंबरठा शिल्लक राहतो. मागचा कडा गोठण-वितळण आणि उत्पाटन यांमुळे मागे सरकत जातो. बर्फ गेल्यावर उंबरठ्याआड सरोवर साचते. दोन हिमगव्हरे पाठीला पाठ लावून मागे सरकली की त्यांच्यामध्ये धारदार कडा उरते, तीन-चार सरकली की गिरिशृंग.

व्ही ते यू : दरीचा आकार का बदलतो

हिमनदी येण्यापूर्वी दरी नदीने कोरलेली, म्हणजे व्ही-आकाराची असते. नदी तळाच्या एका अरुंद पट्ट्यातच खोदते. बाजूचे उतार दरडी आणि पावसाने झिजतात. हिमनदी मात्र दरी शेकडो मीटर उंचीपर्यंत भरून टाकते. तरीही नुसते भरण्याने यू-आकार का यावा? सर्वाधिक जाडी मध्यभागी असल्याने तळच आणखी खोल होऊन व्ही अधिक तीव्र व्हायला हवा, असा तर्क कोणीही करील.

या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर जॉन हार्बर, बर्नार्ड हॅलेट आणि चार्ल्स रेमंड यांच्या १९८८ मधील संगणकीय प्रतिमानाने दिले. व्ही-आकाराच्या अगदी तळाच्या कोपऱ्यात बर्फ दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्ये अडकतो. दोन्हीकडून रोध होत असल्याने तिथे घसरण्याचा वेग कमी पडतो. अगदी वरच्या कडेला बर्फ पातळ असल्याने वेग कमीच असतो. सर्वाधिक घसरण होते ती दोन्ही उतारांच्या मधल्या भागात, आणि झीज घसरण्याच्या वेगावर अवलंबून असते. परिणामी उतारांचा मधला भाग आधी कुरतडला जातो, तळ रुंद होतो आणि भिंती उभ्या होत जातात. आकार यू-जवळ पोहोचला की झीज सर्वत्र जुळून येते. त्यानंतर दरी तोच आकार टिकवून खोल होत राहते.

मंदाकिनी खोऱ्यात हा फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. केदारनाथजवळ दरीचा तळ रुंद आणि कडे उभे आहेत. रामबाड्याच्या खाली दरी आवळली जाऊन नदीची व्ही-आकाराची घळ सुरू होते. रामबाड्याजवळ सुमारे २,८०० मीटर उंचीवर जुन्या पार्श्व हिमोढाचे अवशेष मिळाले असून त्यांचे वय सुमारे १३ हजार वर्षे काढण्यात आले आहे. म्हणजे आज ३,८०० मीटरच्या वर असलेले हिमनदीचे मुख तेव्हा १,००० मीटर खाली होते. येथे सावधगिरीची एक सूचना आवश्यक वाटते. केवळ रुंद तळ पाहून दरी हिमनदीची ठरवू नये. दरड कोसळून नदी अडली आणि मागे गाळ साचला तरी तळ सपाट दिसतो. खात्री पटते ती खडकावरील समांतर ओरखडे आणि हिमोढ यांच्या साक्षीने.

हिमोढ : बर्फाने टाकलेला माल

पाणी वेग कमी होताच आधी मोठे आणि मग बारीक कण खाली टाकते. वाहून आणलेल्या मालाची प्रतवारी ते आपोआप करते. बर्फाला ही निवड जमत नाही. घराएवढी शिळा आणि पिठासारखी माती तो एकाच ठिकाणी सोडतो. थरांचा अभाव, कोनाकोनाचे दगड, त्यांतील काहींवर घासलेल्या सपाट बाजू आणि ओरखडे, ही हिमोढाची ओळख. गाळ-दगडांच्या लोटाने टाकलेला ढीगही प्रतवारीशिवायच असतो, म्हणून ओरखडलेले दगड शोधणे महत्त्वाचे ठरते.

पार्श्व हिमोढाविषयी एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितली जाते. हिमरेषेच्या वर बर्फाचा प्रवाह कडेकडून मध्याकडे आणि खाली जातो, त्यामुळे कड्यांवरून पडलेले दगड बर्फात गाडले जातात. हिमरेषेच्या खाली वितळण अधिक असल्याने प्रवाह मध्याकडून कडेकडे वळतो आणि दगड पुन्हा पृष्ठभागावर येऊन कडेला रचले जातात. म्हणून पार्श्व हिमोढ हिमरेषेच्या खालीच बांधला जातो, आणि जुन्या हिमोढाचे सर्वांत वरचे टोक त्या काळची हिमरेषा कोठे होती याचा अंदाज देते.

चोराबारी ताल, जून २०१३

हिमनदी पातळ होऊन खाली बसते, पण तिने कडेला रचलेली भिंत तशीच उभी राहते. चोराबारी हिमनदीच्या उजव्या पार्श्व हिमोढाच्या बाहेरील बाजूस, हिमोढ आणि डोंगर यांच्या खाचेत चोराबारी ताल होते. गांधी सरोवर या नावानेही ते ओळखले जाई. केदारनाथपासून ते सुमारे दोन किलोमीटर वर होते. हिमनदीचे पाणी त्यात येत नव्हते. पाऊस आणि डोंगरावरील हिम हेच त्याचे स्रोत. त्याला पृष्ठभागावरून निर्गममार्ग नव्हता, पाणी तळातील अरुंद वाटांनी झिरपून जाई.

१५ आणि १६ जून २०१३ रोजी वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या चोराबारीजवळील केंद्रावर २४ तासांत ३२५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उन्हाळ्याच्या सुरुवातीचे हिम डोंगरावर शिल्लक होते, तेही पावसाने झपाट्याने वितळले. आवक झिरपण्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक झाली, पातळी चढली आणि १७ जूनच्या सकाळी हिमोढाची भिंत फुटली. हिमोढात माती आणि दगड एकमेकांना बांधलेले नसतात. वरून वाहू लागलेले पाणी खाच पाडते, खाच खोल झाली की प्रवाह वाढतो, वाढलेला प्रवाह खाच आणखी खोल करतो. एकदा सुरू झालेली ही साखळी तलाव रिकामा होईपर्यंत थांबत नाही.

तलाव सुमारे ४०० मीटर लांब, २०० मीटर रुंद आणि १५ मीटर खोल होता. पेटीसारखा धरला तर १२ लाख घनमीटर. तळ वाटीसारखा म्हणून निम्मे, म्हणजे सहा लाख. ते सुमारे दहा मिनिटांत रिकामे झाले असे धरल्यास सरासरी विसर्ग सेकंदाला १,००० घनमीटर येतो. हा अंदाज ढोबळ आहे. पण आकड्यापेक्षा घातक ठरला तो पाण्याने वाटेत उचललेला माल. दोन किलोमीटरच्या वाटेवर हिमोढाचाच सैल ढिगारा पसरलेला होता. केदारनाथला पोहोचला तो नुसता पूर नव्हता, शिळांचा लोट होता. मंदिरामागे येऊन अडकलेल्या एका प्रचंड शिळेमुळे तो दोन्ही बाजूंना विभागला गेला. खालच्या रामबाड्याची वस्ती उद्ध्वस्त झाली. हिमनदीने हजारो वर्षांपूर्वी घासून, उपटून सोडवलेला माल पाण्याने काही मिनिटांत पुढच्या मुक्कामी नेला.

सर्व हिमोढ-सरोवरे याच पद्धतीने फुटतात असे नाही. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवरात गोठलेल्या पार्श्व हिमोढाचा मोठा भाग कोसळला. त्यातून उठलेल्या लाटेने पुढचा हिमोढ फोडला आणि तीस्तेच्या पुराने चुंगथांग येथील धरण वाहून गेले. चोराबारीला हिमोढ पाण्याच्या भाराने फुटला, ल्होनाकला हिमोढच पाण्यात पडला. म्हणूनच अशा सरोवराची पाहणी करताना पातळी आणि बांधाचा माथा यांतील अंतर, निर्गममार्ग आहे की नाही आणि हिमोढाच्या पोटात बर्फ शिल्लक आहे का, यांबरोबरच सरोवराकडील उतार किती तीव्र आहे आणि तो गोठलेपणामुळेच उभा आहे का, हेही पाहावे लागते. यांतील शेवटची गोष्ट उपग्रहाच्या छायाचित्रावरून सहज कळत नाही; तिच्यासाठी हिमोढावर चढावेच लागते.