परतलेली फाइल खरी की नुसती दिसायला खरी?

बँकेत कॅश क्रेडिट खातं असलेल्या व्यापाऱ्याला स्टॉक स्टेटमेंट नवं नसतं. महिनाअखेरीस दुकानात किती माल आहे, गिऱ्हाइकांकडून किती येणं आहे आणि पुरवठादारांचं किती देणं आहे, एवढं त्या कागदावर लिहून बँकेला द्यायचं. त्या आकड्यांवर बँक पुढच्या महिन्याची उचल ठरवते. कागद एका पानाचा, पण तो उशिरा गेला तर बँक उचल आखडते आणि पगारापासून मालाच्या चेकपर्यंत सगळं अडतं. त्यामुळे छोट्या धंद्यात जपायला सगळ्यात मोलाची फाइल कुठली, असं विचारलं तर अनुभवी अकाउंटंट बहुधा याच एक्सेलच्या फाइलकडे बोट दाखवेल. तिच्या जोडीला जीएसटीची कामकाजाची फाइल आणि टॅलीचा डेटा.

उदाहरणादाखल चिपळूणच्या बाजारपेठेतला एक औषधांचा घाऊक व्यापारी घेऊ. काल्पनिकच, पण अशी मांडणी गावोगाव दिसते. दुकानात दोन कॉम्प्युटर, टॅली, आणि `D:\Ahaval` या फोल्डरात सगळे अहवाल. रोज संध्याकाळी हे फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी होतं. मालकाला विचारलं तर तो म्हणेल, ‘बॅकअप रोज होतो आपला.’ आणि ते खोटं नाही.

डिस्क मात्र कॉम्प्युटरशेजारच्या खणात राहते. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारचा खण यांत काही फरक उरला नव्हता. म्हणून जाणकार किमान तीन प्रती सांगतात: एक कामाची, एक डिस्कवर आणि एक दुसऱ्या जागी. दोन डिस्क घेऊन त्या आठवड्याआड बदलायच्या, एक दुकानात आणि एक उंचावरच्या घरात, हे छोट्या धंद्याला सहज परवडतं. घरी जाणाऱ्या डिस्कला पासवर्ड हवा, आणि तो पासवर्ड त्या डिस्कवरच्याच फाइलीत लिहून ठेवलेला नसावा. हे सांगावं लागतं, कारण बरेच जण नेमकं तेच करतात. डिस्क दिवसभर जोडूनही ठेवू नये. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही.

गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह असल्यावर हे कशाला, असा प्रश्न येतोच. या सेवा मुळात फायली सगळीकडे सारख्या ठेवण्याचं काम करतात. दुकानात कुणी फॉर्म्युल्यावर चुकून आकडा टाइप करून सेव्ह केलं, तर तीच चूक काही क्षणांत वर जाते. जुनी आवृत्ती मिळते, पण मुदतीपुरती. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत टाकलेली फाइल 30 दिवसांनी कायमची जाते. तिमाहीच्या हिशेबात सापडणारी चूक त्यापेक्षा जुनी असू शकते. म्हणून प्रत तारखेच्या फोल्डरात पडावी आणि आजच्या प्रतीनं कालची पुसू नये. रोजच्या प्रती दोन-तीन आठवडे, महिनाअखेरची प्रत मात्र जपून, हा बेत बहुतेकांना पुरतो. जीएसटी कायद्यानुसार हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने सांभाळायचे असतात. नियम 57 तर सरळ सांगतो, की अपघातानं नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळात त्या परत मिळतील असा इलेक्ट्रॉनिक बॅकअप हवा. नियमाचा भर साठवण्याइतकाच परत मिळण्यावर आहे.

विंडोजमध्ये कॉपीसाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. रोबोकॉपी ही आज्ञा त्यातच असते:

```
robocopy D:\Ahaval E:\Backup\2025-10-04 /E /R:2 /W:5 /LOG:E:\Backup\2025-10-04.log
if errorlevel 8 echo BACKUP FAILED
```

`/E` म्हणजे आतली सगळी फोल्डर्स घे. `/R:2 /W:5` म्हणजे एखादी फाइल अडली तर पाच-पाच सेकंदांनी दोनदा प्रयत्न कर आणि पुढे जा. हे दोन शब्द गाळले तर रोबोकॉपी स्वतःच्या ठरलेल्या सवयीनं तीस-तीस सेकंद थांबत दहा लाख वेळा प्रयत्न करत राहतं. कुलूप लागलेल्या एका फाइलीपायी बॅकअप रात्रभर तिथंच उभा. दुसऱ्या ओळीतला आठचा आकडाही अर्थपूर्ण आहे. रोबोकॉपीनं आठ किंवा त्याहून मोठा कोड दिला तर काहीतरी कॉपी झालेलं नाही, त्याखालचे कोड चालतात. इंटरनेटवर या आज्ञेसोबत `/MIR` लिहिलेलं वारंवार सापडतं. ते मूळ फोल्डरात नसलेलं सगळं प्रतीतूनही पुसतं, तेव्हा इथं नकोच.

टॅलीचं फोल्डर मात्र असं उचलू नये. लोक नोंदी करत असताना कॉपी केली तर अर्धी फाइल आधीची आणि अर्धी नंतरची, असा घोळ होतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवरची टॅली बंद करून टॅलीप्राइममध्ये `Alt+Y` दाबायचं आणि तिथला `Backup` वापरायचा. तयार झालेली फाइल मग इतरांबरोबर डिस्कवर जाते.

एवढं सगळं बसवूनही बॅकअप गुपचूप बंद पडू शकतो. गिटलॅब ही सॉफ्टवेअरचा कोड सांभाळणारी कंपनी. 31 जानेवारी 2017 ला तिथल्या एका अभियंत्यानं दुसऱ्या सर्व्हरवरचा समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअप काढायला गेले तर तो नव्हताच. डेटाबेस 9.6 आवृत्तीचा होता आणि प्रत काढणारा प्रोग्रॅम 9.2 चा चालत होता, त्यामुळे तो रोज अपयशी ठरत होता. तसं कळवणारे ईमेलही पोचण्याआधीच नाकारले जात होते. सुमारे सहा तास आधी एकानं वेगळ्याच कामासाठी हातानं प्रत काढली होती, तिच्यावर निभावलं. कंपनीनं हे सगळं स्वतःच जाहीर केलं, म्हणून आज ते इतक्या तपशिलात माहीत आहे. त्यातला धडा चिपळूणच्या दुकानालाही लागू पडतो: ‘बिघडलं तर निरोप येईल’ यावर विसंबण्यापेक्षा रोज कुणीतरी आजच्या तारखेचं फोल्डर आणि त्याचा आकार बघावा. काल 800 एमबी आणि आज 3 एमबी असेल, तर लॉग उघडायची वेळ झाली.

आता खरी परीक्षा, म्हणजे रिस्टोअर. आपल्या व्यापाऱ्याच्या अकाउंटंटनं एका शनिवारी ती घेतली असं समजू. पहिला प्रयत्न त्यानं आपल्याच कॉम्प्युटरवर केला. डिस्कवरून फोल्डर `D:\Test` मध्ये आणलं आणि सप्टेंबरचं स्टेटमेंट उघडलं. माल 42,60,000, येणं 31,15,000, देणं 18,40,000. बँकेला दिलेल्या कागदाशी तंतोतंत जुळलं. इथं थांबला असता तर चाचणी पास झाली असती.

मग तीच डिस्क त्यानं घरच्या जुन्या लॅपटॉपला लावली. दुकानाच्या नेटवर्कशी या लॅपटॉपचा संबंध नाही. फाइल उघडली, आकडे तेच. मात्र एक्सेलनं वर सूचना दाखवली, की या फाइलीत बाहेरच्या फायलींचे दुवे आहेत, ताजे करायचे का? सवयीनं माणूस नको म्हणतो. त्यानं हो म्हटलं, आणि एक दुवा सापडेना. येण्याच्या घरातला फॉर्म्युला असा होता:

```
='C:\Users\Accounts\Desktop\[Debtors.xlsx]Sept'!$F$212
```

येणेकऱ्यांची यादी अहवालांच्या फोल्डरात नव्हतीच. ती होती त्याच्या डेस्कटॉपवर, म्हणजे बॅकअपच्या वाटेबाहेर. पहिली चाचणी पास झाली, कारण त्या कॉम्प्युटरवर डेस्कटॉप जागेवरच होता आणि परत आणलेली फाइल मूळ यादीच वाचत होती. दुसऱ्या खेपेला आकडा बरोबर दिसला, कारण एक्सेल दुव्यांतून शेवटची आलेली रक्कम फाइलीत साठवून ठेवतं. स्रोत नाहीसा झाला तरी जुना आकडा तिथं शांतपणे बसून राहतो. सप्टेंबरचं स्टेटमेंट छापता आलं असतं. ऑक्टोबरचं करता आलं नसतं.

अशी फसगत पकडायची युक्ती साधी आहे. परत आणलेल्या स्रोताच्या फाइलीत एखाद्या बिलात हजार रुपये वाढवायचे आणि स्टेटमेंटमधला आकडा हजारानं हलतो का ते पाहायचं. हलला तर साखळी जिवंत. `Data` टॅबमधल्या `Edit Links` किंवा नव्या एक्सेलमधल्या `Workbook Links` मध्ये सगळे दुवे एकत्र दिसतात. त्यात `C:\Users` नं सुरू होणारा प्रत्येक पत्ता संशयित. मॅक्रो वापरत असाल तर तेही तपासावेत. ते बरेचदा `PERSONAL.XLSB` नावाच्या फाइलीत असतात आणि ती `AppData` या लपवलेल्या फोल्डरात बसते, म्हणून बॅकअप घेणाऱ्याच्या नजरेला ती पडत नाही.

टॅलीची चाचणीही त्याच लॅपटॉपवर, आणि रिस्टोअर नेहमी नव्या, रिकाम्या फोल्डरात. चालू डेटाच्या जागी जुनी प्रत ओतली तर मधल्या दिवसांच्या नोंदी गेल्याच म्हणून समजा. चाचणी घेतानाच डेटा गमावण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे. कंपनी उघडल्यावर ट्रायल बॅलन्स आणि शेवटच्या विक्री बिलाचा क्रमांक त्या दिवशीच्या छापील कागदाशी ताडायचा. बॅकअपच्या दिवशी हे दोन आकडे लिहून ठेवलेले असतील तरच हे जमतं, म्हणून बॅकअपच्या वहीत त्यांच्यासाठी रकाना हवा.

घड्याळही लावावं. डिस्क घरून आणण्यापासून नवं स्टेटमेंट तयार होईपर्यंत किती वेळ गेला, हे मालकाला ठाऊक असलं पाहिजे. चार तास लागले तर बँकेची तारीख हुकत नाही. दोन दिवस लागले तर कुठं अडलं ते बघावं लागतं, आणि बहुतेकदा अडतं ते कॉपीच्या वेगापाशी नसून पासवर्डापाशी किंवा टॅलीच्या लायसन्सपाशी.

अकाउंटंटनं येणेकऱ्यांची यादी `D:\Ahaval` मध्ये हलवली, दुवे नव्या पत्त्यावर वळवले आणि सोमवारच्या प्रतीवर तीच चाचणी पुन्हा घेतली. आता बिलात घातलेले हजार रुपये स्टेटमेंटमध्ये उतरले. पुढच्या तिमाहीतली चाचणी मात्र त्यानं घ्यायची नाही, असं मालकानं ठरवलं. ती काउंटरवरची मुलगी घेणार, वहीत लिहिलेल्या पायऱ्या वाचून, अकाउंटंटला फोन न करता.