तीनास एक की चारास एक?

इडलीचं प्रमाण विचारलं की प्रत्येक घरातून ठाम आकडा मिळतो. पुण्या-मुंबईकडे बहुतेक जणी तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडदाची डाळ सांगतात. तमिळ शेजारीण चारास एक म्हणते. मंगळूर-उडुपीकडच्या घरात इडली रवा असतो आणि तिथे दोनास एक. या सगळ्यांच्या इडल्या चांगल्या होतात. गडबड होते ती एकीचं प्रमाण उचलून दुसरीच्या स्वयंपाकघरात नेल्यावर.

गैरसमज : योग्य प्रमाण एकच असतं

इडलीत तांदूळ आणि डाळ यांची कामं वेगळी आहेत. तांदूळ इडलीला अंग देतो. डाळ वायू धरून ठेवते. पीठ आंबतं तेव्हा त्यातले जिवाणू, प्रामुख्याने ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स, आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात. हा वायू नुसत्या तांदळाच्या पिठातून बुडबुडे फोडून निघून जाईल. उडदातली प्रथिनं आणि त्यातला चिकट, बुळबुळीत अंश मात्र बुडबुड्यांभोवती पडदा धरतात. हाच चिकटपणा डाळ धुताना हाताला लागतो. म्हणून तांदूळ किती, डाळ किती या प्रश्नाचा खरा अर्थ असा, की तुमच्या एक वाटी डाळीतून फेस किती निघतो आणि तो किती तांदूळ पेलतो.

आता चारास एक कुठून आलं ते पाहा. तमिळनाडूत पीठ दगडी ग्राइंडरमध्ये वाटलं जातं. कोइम्बतूरच्या ग्राइंडरला तर भौगोलिक मानांकन आहे. दगड हळू फिरतो, डाळ तापत नाही आणि वाटता वाटता पिठात हवा घोटली जाते. अर्ध्या तासात वाटीभर गोटा उडीद भांडं भरून वर येतो. आपल्याकडचा मिक्सर याच्या उलट वागतो. पात्याचा वेग प्रचंड असतो. पातं डाळ कापतं पण घोटत नाही, आणि दोन-तीन मिनिटांत भांडं गरम होतं. त्याच वाटीभर डाळीतून फेस कमी मिळतो, मग चार वाट्या तांदळाचं ओझं त्याला झेपत नाही. इडली दडदडीत होते आणि दोष तांदळाला दिला जातो. मिक्सर असेल तर तीनास एक घ्यावं, डाळ फ्रीजमधल्या गार पाण्याने वाटावी, आणि पाणी एकदम न ओतता पळी-पळीने घालावं.

डाळ झाली की नाही हे ओळखायला वाटीत पाणी घ्या आणि वाटलेल्या डाळीचा बोराएवढा गोळा त्यात सोडा. तो तरंगला आणि फुटला नाही तर डाळीत हवा भरली आहे. बुडाला तर आणखी वाटा. तरीही बुडत असेल तर डाळ जुनी आहे. वर्षभर डब्यात राहिलेली डाळ पाणी कमी पिते आणि फुगत नाही. अशा वेळी तीन वाट्या तांदळाला सव्वा वाटी डाळ घ्यावी लागते. उडीद खरिपाचा, सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो, त्यामुळे दिवाळीच्या आसपास लातूर-उदगीरकडून येणाऱ्या नव्या डाळीला कमी प्रमाण पुरतं, हे जुन्या सुगरणींना आकड्याशिवायच ठाऊक असतं. सालं काढलेला अख्खा गोटा मिळाला तर उत्तम. फोडलेल्या डाळीपेक्षा तो जास्त फुलतो.

तांदळाचंही तसंच. रव्याचं सोडून वरची सगळी प्रमाणं उकड्या तांदळाची, म्हणजे दुकानात इडली तांदूळ म्हणून मिळणाऱ्या जाड, पिवळसर दाण्याची आहेत. हा तांदूळ सालीसकट वाफवून वाळवलेला असतो, म्हणून तो पीठ झाल्यावर पाणी जास्त धरतो आणि त्याची इडली गार झाली तरी मऊ राहते. घरातला कोलम किंवा रेशनचा कच्चा तांदूळ वापरायचा असेल तर अडीचास एक किंवा दोनास एक घ्या. बासमतीच्या वाटेला जाऊ नये. इडली रव्याला दोनास एक लागतं, कारण रवा आपण वाटत नाही. त्याचे जाडसर कण एकमेकांना धरत नाहीत, त्यांना तरंगत ठेवायला फेस जास्त हवा.

आणि 'पारंपरिक प्रमाण' म्हणून कुणी फार आग्रह धरला तर कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' आठवावा. इसवी सन ११३०च्या सुमाराच्या या ग्रंथात इडलीचा पूर्वज आहे, पण तो निव्वळ उडदाच्या पिठाचा. तांदळाचं प्रमाण तिथे शून्य! ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या सीमेला लागूनच.

गैरसमज : डाळ वाढवली की इडली आणखी मऊ

एका मर्यादेपर्यंत खरं आहे, म्हणूनच ही समजूत टिकून आहे. दीडास एकच्या आसपास गेलात की पीठ आंबताना भरपूर फुगतं, वाफेत इडली टम्म वर येते आणि झाकण काढल्यावर मध्ये बसते. वायू धरणारा पडदा आहे, पण उभं राहायला अंग नाही. अशी इडली चपटी, बोटाला चिकटणारी होते आणि साच्यातून सोडवताना तिचा तळ साच्यालाच राहतो. डाळ कमी पडल्याची खूण वेगळी असते. तेव्हा इडली चिकटत नाही, पण मोडल्यावर आत जाळी दिसत नाही आणि घास कोरडा लागतो. इडली मोडून पाहिली की पुढच्या वेळी डाळ कुठल्या बाजूला सरकवायची ते कळतं.

मेथीचे पाव चमचा दाणे डाळीत भिजवायची पद्धत योग्य आहे, कारण मेथीचा डिंक वायू धरायला हातभार लावतो. डाळीची जागा मात्र ती घेत नाही.

गैरसमज : एका वाटीच्या इडल्या किती, याचा आकडा प्रमाणावर ठरतो

नाही. तीनास एक घ्या की चारास एक, इडल्यांची संख्या जवळपास तीच राहते. ती ठरते तीन गोष्टींवर : कोरडं धान्य एकूण किती, त्यात पाणी किती गेलं आणि तुमच्या साच्यात एका इडलीला किती पीठ बसतं.

एक हिशेब वजनावर मांडून पाहू. वाटी साधी, १५० मिलिलिटर पाणी मावणारी. अशा वाटीत तांदूळ साधारण १२५ ग्रॅम बसतो आणि उडदाची डाळही जवळपास तेवढीच, त्यामुळे वाटीचं प्रमाण आणि वजनाचं प्रमाण इथे एकच धरता येतं. तीन वाट्या तांदूळ म्हणजे ३७५ ग्रॅम, एक वाटी डाळ म्हणजे १२५. एकूण अर्धा किलो कोरडं धान्य. भिजून निथळल्यावर तांदूळ सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास भरतो. डाळ अधिक पाणी पिते, ती दुपटीला पोचते, म्हणजे अडीचशे ग्रॅम. वाटताना डाळीला एक ते सव्वा वाटी आणि तांदळाला दीड वाटी पाणी गेलं तर आणखी चारशे ग्रॅम. बेरीज झाली ११७५. मीठ आणि इकडचं तिकडचं धरून बाराशे म्हणू. म्हणजे पीठ कोरड्या धान्याच्या सुमारे २.४ पट भरतं, आणि हा एवढाच गुणाकार लक्षात ठेवला तर पुरे आहे.

आता इडली. घरच्या नेहमीच्या साच्यात एका इडलीला साधारण ४० ग्रॅम पीठ लागतं. वाफेवर शिजताना पाणी उडून जात नाही, त्यामुळे शिजलेली इडलीही त्याच वजनाची भरते. १२००ला ४०ने भागलं की ३०. भांड्याला, पळीला आणि मिक्सरच्या पात्याखाली राहतं ते वजा करून २८. चार ताटल्यांच्या, प्रत्येकी चार खळग्यांच्या इडलीपात्रात एका वेळी सोळा होतात. म्हणजे दोन घाणे, आणि दुसऱ्यात शेवटची ताटली रिकामी. एका वाटी कोरड्या धान्याला सात इडल्या, असा हा हिशेब बसतो.

पाककृतीत 'एक कप' असतो तो बहुधा २४० मिलिलिटरचा. त्यात २०० ग्रॅम धान्य मावतं आणि त्याच्या इडल्या अकरा-बारा होतात. वाटी आणि कप यांची इथेच गल्लत होते. दोन कप तांदूळ आणि अर्धा कप डाळीच्या तीस इडल्या सांगितल्या, आपण वाटीने मोजलं, आणि अठराच झाल्या तर कुणाचंच काही चुकलेलं नसतं. हॉटेलची इडली ६० ग्रॅमच्या पुढेही असते, तिथे त्याच पिठाच्या अठरा-एकोणीसच होतील.

पाहुण्यांसाठी उलट्या दिशेने जावं. बारा माणसं, प्रत्येकी साडेतीन इडल्या, म्हणजे ४२. सातने भागलं की सहा वाट्या कोरडं धान्य : साडेचार तांदूळ, दीड डाळ. आंबण्यासाठी भांडं मात्र चार लिटरचं घ्या, नाहीतर सकाळी ओटा पुसावा लागेल.

गैरसमज : पीठ दुप्पट फुगलं, म्हणजे इडल्या दुप्पट

फुगलेल्या पिठात भर पडलेली असते ती वायूची. वजन रात्री होतं तेवढंच सकाळी असतं. पीठ न ढवळता, वरूनच अलगद पळीने उचलून साच्यात घातलं तर इडल्या खरंच चार-सहा जास्त होतात, पण प्रत्येक हलकी असते आणि खाणारा तेवढ्या जास्त खातो. डावाने जोरात ढवळलंत तर वायू निघून जातो, त्याच साच्यात ४५ ग्रॅम पीठ बसतं आणि संख्या २५वर येते. पीठ पातळ करून इडल्या वाढवण्याचा प्रयत्न तर फसतोच. पातळ पिठातून बुडबुडे वर येऊन फुटतात आणि इडली पसरट होते. पळीतून पीठ सोडलं की त्याची सलग धार न लागता ते जाड, तुटक पडायला हवं.

गैरसमज : डोशाला वेगळं पीठ लागतंच

पहिल्या दिवशी इडली आणि उरलेल्याचा तिसऱ्या दिवशी डोसा, हे तीनास एकचं पीठ दोन्ही कामं करतं. फक्त डोशाला ते वाटीभर पाण्याने सैल करायचं. मुद्दाम डोशासाठीच भिजवत असाल तर डाळ थोडी कमी चालते, चारास एक, कारण इथे फुगवटा नको असतो. तांदळात निम्मा कच्चा घातला की कुरकुरीतपणा येतो. चमचाभर हरभऱ्याची डाळ रंगासाठी, मूठभर पोहे मऊपणासाठी, आणि वाटण इडलीपेक्षा बारीक. डाळ अगदी शून्यावर नेली आणि पीठ न आंबवताच पाण्यासारखं पातळ केलं, तर ते कोकणातलं घावन झालं, डोसा नव्हे.

अर्ध्या किलो धान्याचं बाराशे ग्रॅम पीठ, त्यात दीडशे ग्रॅम पाणी. मध्यम डोशाला ७० ग्रॅमची एक पळी धरली तर एकोणीस होतात. पहिला तव्याला चिकटतो, तो धरू नका.