३७.१ च्या पुढचे चेंडू

५ सप्टेंबर २०२३, लाहोरचं गद्दाफी स्टेडियम. आशिया चषकाच्या ब गटातला शेवटचा सामना. श्रीलंकेने ५० षटकांत ८ बाद २९१ धावा केल्या होत्या आणि अफगाणिस्तान त्यांचा पाठलाग करत होता. नुसतं जिंकून त्यांचं भागणार नव्हतं. सुपर फोरमध्ये जायचं तर २९२ धावा ३७.१ षटकांत व्हायला हव्या होत्या. हा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. ३७ षटकं संपली तेव्हा फलकावर ८ बाद २८९ होते. एका चेंडूत तीन धावा हव्या होत्या. त्या चेंडूवर मुजीब झेलबाद झाला आणि दुसऱ्या टोकाला रशीद खान हताश होऊन खाली बसला. आता संपलं, असंच सर्वांना वाटलं.

खरं तर तेव्हा काहीच संपलं नव्हतं. त्यानंतरचे सहा चेंडूही अफगाणिस्तानला पुढच्या फेरीत नेऊ शकत होते. सामन्यानंतर प्रशिक्षक जोनाथन ट्रॉट यांनी सांगितलं, की ही पुढची समीकरणं आम्हाला कुणी कळवलीच नव्हती. ३७.१ हे उत्तर बरोबर होतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं काढायला कागद, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. ते कसं काढायचं, ते याच सामन्यावर पाहू.

स्पर्धा चालू असली की गुणतक्त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर येतोच. त्या दिवशी सामन्याआधी जो तक्ता दिसत होता, त्यात तीन ओळी होत्या. श्रीलंका : १ सामना, २ गुण, नेट रन रेट +०.९५१. बांगलादेश : २ सामने, २ गुण, +०.३७३. अफगाणिस्तान : १ सामना, ० गुण, −१.७८०. पहिले दोन संघ पुढे जाणार होते. अफगाणिस्तान जिंकला तर तिघांचेही दोन-दोन गुण होणार आणि निकाल शेवटच्या रकान्यावर लागणार, एवढं चित्रावरून कळतं. पण किती षटकांत जिंकायचं, हे त्या चित्रात नसतं. नेट रन रेट हे तयार उत्तर आहे. त्यात पुढच्या सामन्याच्या धावा मिळवायच्या तर ते उत्तर कशातून आलं ते लागतं, म्हणजे संघाने एकूण किती धावा किती षटकांत केल्या आणि किती दिल्या. काही तक्त्यांत हे दोन रकाने असतात. नसले तर झालेल्या सामन्यांचे धावफलक उघडायचे.

या गटात दोनच सामने झाले होते. पल्लेकेलेत बांगलादेश ४२.४ षटकांत १६४ धावांत सर्वबाद झाला आणि श्रीलंकेने ३९ षटकांत १६५ केल्या. मग लाहोरला बांगलादेशने ५० षटकांत ३३४ केल्या आणि अफगाणिस्तान ४४.३ षटकांत २४५ धावांत गुंडाळला गेला.

नेट रन रेट म्हणजे केलेल्या धावांची षटकामागची सरासरी वजा दिलेल्या धावांची षटकामागची सरासरी. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही उत्तर चुकतं. चूक बहुधा सर्वबाद झालेल्या डावात होते. संघ सर्वबाद झाला की तो किती षटकं खेळला हे बघायचं नाही, त्याच्या वाट्याची पूर्ण षटकं धरायची. अफगाणिस्तानचे २४५ म्हणून ५० षटकांत धरायचे. २४५ भागिले ५० म्हणजे ४.९, समोरच्यांचे ३३४ भागिले ५० म्हणजे ६.६८, फरक −१.७८. तक्त्यात हाच आकडा आहे. कुणी ४४.३ षटकं धरली तर उत्तर −१.१७ च्या आसपास येतं आणि तक्त्याशी जुळत नाही.

ही जुळवाजुळव मी कधी टाळत नाही. पुढचं गणित मांडण्याआधी प्रत्येक संघाचा चालू नेट रन रेट स्वतः काढायचा आणि स्क्रीनशॉटमधल्या तीन दशांश स्थळांशी ताडून बघायचा. जुळला नाही तर कुठे तरी सर्वबादचा डाव चुकलाय, पावसाने षटकं कमी झालीत किंवा चित्रच शिळं आहे. निकाल न लागलेला सामना या हिशेबात धरत नाहीत, हेही अशा वेळी आठवायचं. बांगलादेशचं पाहा. त्यांचे दोन सामने झाले होते, म्हणून दोन सामन्यांतल्या फरकांची सरासरी काढावीशी वाटते. ती +०.४१५ येते आणि ती चूक आहे. सगळ्या धावा एकत्र आणि सगळी षटकं एकत्र करायची. केलेल्या ४९८ धावा १०० षटकांत, दिलेल्या ४१० धावा ८९ षटकांत (त्यातली ३९ श्रीलंकेची, ५० सर्वबाद अफगाणिस्तानची). ४.९८० वजा ४.६०७ म्हणजे +०.३७३. जुळलं.

आता खरा प्रश्न. बांगलादेशचे सामने संपले होते, त्यांचा +०.३७३ हलणार नव्हता. वजा १.७८ वरून त्यांना गाठायला अफगाणिस्तानला साधारण ३१ षटकांतच जिंकावं लागलं असतं. पण तेवढं करायची गरज नव्हती. दोनपैकी एकालाच मागे टाकायचं होतं आणि समोर उभी होती ती श्रीलंका. अफगाणिस्तान जितक्या लवकर जिंकेल तितका त्याचा आकडा वर चढणार आणि त्याच क्षणी श्रीलंकेचा खाली घसरणार होता. प्रतिस्पर्धी समोरच असेल तर प्रत्येक चेंडू असा दोन्हीकडून मोजला जातो.

२९२ धावा ३७.१ षटकांत झाल्या असं धरू. षटकांतला पूर्णबिंदू हा दशांश चिन्ह नाही. ३७.१ म्हणजे ३७ षटकं आणि एक चेंडू, एक चेंडू म्हणजे षटकाचा सहावा भाग, म्हणून कॅल्क्युलेटरवर ३७.१६६७ टाकायचं. अफगाणिस्तानच्या एकूण धावा २४५ अधिक २९२, म्हणजे ५३७. षटकं ८७.१६६७. भागाकार ६.१६०६. त्यांनी दिलेल्या धावा ३३४ अधिक २९१, म्हणजे ६२५, १०० षटकांत ६.२५. फरक −०.०८९४. श्रीलंकेच्या धावा १६५ अधिक २९१, म्हणजे ४५६, ८९ षटकांत ५.१२३६. त्यांनी दिलेल्या १६४ अधिक २९२, म्हणजे योगायोगाने तेवढ्याच ४५६, पण ८७.१६६७ षटकांत, म्हणजे ५.२३१४. फरक −०.१०७८. अफगाणिस्तान पुढे.

आता एक चेंडू वाढवू. ३७.२ षटकांना अफगाणिस्तान −०.१०११ आणि श्रीलंका −०.०९७८. श्रीलंका पुढे. ३७.१ हा आकडा आला तो इथून. पूर्णबिंदूला दशांश समजून ३७.२ आणि ३७.३ तसेच टाकले असते तर दोन्ही वेळा अफगाणिस्तान पुढे दिसला असता. म्हणजे ड्रेसिंगरूममध्ये हे गणित कुणी घाईत केलं असतं तर संघाला दोन चेंडू जास्त आहेत असं वाटलं असतं.

बहुतेक जण हा आकडा मिळाला की पेन खाली ठेवतात. लक्ष्य २९२ होतं, पण धावसंख्या २९२ वरच थांबली पाहिजे असं कुठे आहे? विजयी धाव पळून काढली तर सामना तिथेच संपतो. चौकार-षटकार बसला तर मात्र सगळ्या धावा धरल्या जातात. २८९ वरून षटकार म्हणजे २९५, बरोबरीत २९१ वर असताना षटकार म्हणजे २९७. म्हणजे प्रत्येक शेवटच्या धावसंख्येला आपापली मुदत आहे आणि प्रत्येकीसाठी वरचंच गणित पुन्हा करायचं आहे.

या सामन्यापुरती एक सोपी वाट निघते. अफगाणिस्तानने केलेल्या आणि श्रीलंकेने दिलेल्या, दोन्ही बेरजांना एकच भाजक आहे : ५० अधिक पाठलागाची षटकं. म्हणून त्या एकत्र करता येतात. शेवटच्या धावसंख्येची दुप्पट करा, तीत ४०९ मिळवा (२४५ आणि १६४ यांची बेरीज), त्या भाजकाने भागा. उत्तर ११.३७३६ च्या वर गेलं तर अफगाणिस्तान पुढे. हा आकडा म्हणजे ६.२५ आणि ५.१२३६ यांची बेरीज. यावरून २९३ साठी ३७.२ षटकांची मुदत येते, २९४ साठी ३७.३, २९५ साठी ३७.५, २९६ साठी ३८ आणि २९७ साठी ३८.१.

२९५ ची मुदत फार थोडक्यात बसते. ३७.५ षटकं म्हणजे ३७.८३३३ आणि गणित ३७.८३५० पर्यंत परवानगी देतं. अशा ठिकाणी तक्त्यातल्या तीन दशांशांवरून उलटं गणित करणारा माणूस चुकतो. मूळ धावा आणि मूळ चेंडू घेतले तरच खात्री देता येते.

पुन्हा लाहोरला जाऊ. ३७.१ षटकं, ९ बाद २८९. फझलहक फारूकी मैदानात आला आणि स्ट्राइक त्याच्याकडे होता. दुसऱ्या टोकाला रशीद १६ चेंडूंत २७ धावांवर खेळत होता. वरची यादी फारूकीच्या कानावर घातली गेली असती तर त्याचं काम साधं होतं. कसंही करून एक धाव काढायची आणि रशीदला समोर आणायचं. २९० वरून रशीदचा षटकार ३८ व्या षटकाच्या शेवटच्या चेंडूपर्यंत कधीही चालला असता, २९१ वरून त्याच्या पुढच्या चेंडूवरही. पण पात्रता गेली असं समजलेला फलंदाज जोखीम घेत नाही. फारूकीने दोन चेंडू नुसते अडवले. धनंजय डिसिल्व्हाच्या पुढच्या चेंडूवर तो पायचीत झाला. श्रीलंका दोन धावांनी जिंकली, पुढे अंतिम सामन्यातही पोहोचली.

अफगाणिस्तानचा डाव ३७.४ षटकांत संपला. ३८.१ ला अजून तीन चेंडू बाकी होते.