भेटीचे आणि वारशाचे दागिने: कर आणि कागद

भारतात आज भेट म्हणून किंवा वारशाने मिळालेल्या सोन्याच्या दागिन्यांवर वेगळा भेटकर किंवा वारसाकर नाही. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलेला दागिना कितीही किमतीचा असला, तरी तो ज्याच्या हाती येतो त्याला त्या वेळी आयकर लागत नाही. भेटीच्या बाबतीत मात्र दागिना कोणी दिला आणि कोणत्या प्रसंगी दिला, हे पाहिले जाते.

पती-पत्नी, आईवडील, आजीआजोबा, मुले, नातवंडे, भावंडे, तसेच काका, आत्या, मामा, मावशी यांनी दिलेली भेट करमुक्त असते. ही नाती भेट घेणाऱ्याच्या बाजूने मोजली जातात. त्यामुळे मामाने भाचीला दिलेल्या बांगड्या करमुक्त ठरतात, पण भाचीने मामाला दिलेली साखळी तशी ठरत नाही, कारण मामाच्या यादीत भाची येत नाही. चुलत आणि मावस भावंडेही या यादीबाहेर राहतात. यादीबाहेरच्या लोकांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या दागिन्यांसारख्या वस्तूंची बाजारभावाने किंमत एकूण ५०,००० रुपयांवर गेली, तर वरच्या रकमेवर नव्हे, सगळ्या किमतीवर आयकर लागतो. लग्नाचा आहेर याला अपवाद आहे. वधूला किंवा वराला लग्नानिमित्त कोणीही दिलेला दागिना करमुक्त असतो. वाढदिवसाला, बारशाला किंवा लग्नाच्या वाढदिवसाला ही सवलत नाही.

खरा कर येतो तो दागिना विकताना. भेटीच्या किंवा वारशाच्या दागिन्याची खरेदी किंमत शून्य धरत नाहीत, आणि तो हाती आला त्या दिवसाचा भावही धरत नाहीत. ज्याने तो मुळात पैसे देऊन घेतला, त्याची किंमत आणि तारीख पुढच्या मालकाकडे येते. मूळ खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल, तर त्या दिवशीचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. जुन्या मालकाचा काळ धरून दागिना २४ महिन्यांहून अधिक काळ घरात असेल, तर नफा दीर्घकालीन मानला जातो. २३ जुलै २०२४ पासून अशा नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून घेण्याची सोय सोन्यासाठी तेव्हापासून उरलेली नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आजीने १९७५ मध्ये सहा तोळ्यांच्या, म्हणजे ६० ग्रॅमच्या पाटल्या केल्या. २०१२ मध्ये मृत्युपत्राने त्या मुलीकडे आल्या आणि २०२५ मध्ये तिने त्या पाच लाखांना विकल्या. २०१२ मधली किंमत दीड लाख धरून नफा साडेतीन लाख काढला, तर हिशेब चुकतो. नोंदणीकृत मूल्यांककाने २००१ चा भाव २४,००० ठरवला, तर नफा ४,७६,००० होतो. त्यावर कर ५९,५०० आणि चार टक्के उपकरासह ६१,८८० रुपये. पाटल्यांची मोड देऊन नवा हार घेतला, तरी कायद्याच्या नजरेत ती पाटल्यांची विक्रीच असते. पतीने पत्नीला भेट दिलेला दागिना तिने विकला, तर तो नफा साधारणपणे पतीच्या उत्पन्नात धरला जातो.

म्हणून दागिना कोणाकडून, कधी आणि किती वजनाचा आला, हे दाखवणारे कागद जपावे लागतात. भेटीसाठी साध्या कागदावरचे भेटपत्र चालते. त्यात दोघांची नावे व पॅन, नाते, तारीख, प्रसंग, दागिन्याचे वर्णन, निव्वळ वजन आणि कॅरेट लिहून दोघांनी सही करावी. लग्नात आहेराची यादी करावी आणि पत्रिका, फोटो तिच्यासोबत ठेवावेत. वारशासाठी मृत्युपत्राची प्रत, मृत्यूचा दाखला आणि वाटणीची, सर्व वारसांच्या सहीची यादी लागते. मूळ पावती नसेल, तर मूल्यांककाचा अहवाल आणि दागिन्याचे फोटो करून घ्यावेत. दागिना मोडला, तर सराफाची मोडीची पावती नव्या बिलाला जोडून ठेवावी. नाहीतर जुन्या आणि नव्या दागिन्याचे नाते दाखवता येत नाही.

झडतीच्या वेळी विवाहित स्त्रीचे ५००, अविवाहित स्त्रीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, अशी सूचना केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९९४ मध्ये दिली. सोने बाळगण्याची ही मर्यादा नव्हे. त्याहून अधिक सोने ठेवता येते, फक्त ते कुठून आले हे कागदाने दाखवता आले पाहिजे.