‘रिवर्स हो जाएगा’: बँकेच्या फोनवरून तक्रारीचा कागद

क्रेडिट कार्डाच्या बिलात नको असलेली रक्कम दिसली की आपण पहिल्यांदा कस्टमर केअरला फोन लावतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो, ‘रिक्वेस्ट रेज़ कर दी है’ म्हणतो, आणि आपण निवांत होतो. पुढच्या महिन्यात रक्कम तशीच असते, वर व्याज चढलेलं असतं. पुन्हा फोन केला तर दुसराच माणूस म्हणतो, की मागच्या बोलण्याची आमच्याकडे नोंद नाही. या घोळात ग्राहकाजवळ पुरावा काय उरतो? हाती असलं तर एक रेकॉर्डिंग. पण बँकेतला अधिकारी तेवीस मिनिटांचं रेकॉर्डिंग कधीच ऐकत बसत नाही. तो वाचतो एक पान. म्हणून रेकॉर्डिंगचं पान करता आलं पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका बाईंनी मॉलमधल्या टेबलावर कार्ड घेतलं. ‘लाइफटाइम फ्री’, म्हणजे वार्षिक शुल्क कधीच नाही, असं सांगितलेलं आणि सोबतच्या पत्रातही लिहिलेलं. 5 मार्च 2025च्या बिलात मात्र वार्षिक शुल्क 999 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 179 रुपये 82 पैसे, मिळून 1178 रुपये 82 पैसे लागले. सोमवारी, 10 मार्चला त्यांनी फोन केला. नंबर कार्डाच्या मागे छापलेला घेतला, हे बरं केलं. गुगलवर शोधून काढलेले ‘कस्टमर केअर’ नंबर अनेकदा ठगांचे असतात.

रेकॉर्डिंग करणं कायद्यात बसतं का, ही शंका सगळ्यांनाच येते. याचं एक जुनं उत्तर मुंबईतूनच आलेलं आहे. 1964 साली मुंबईचे कॉरोनर आर. एम. मलकानी यांच्यावर एका डॉक्टरकडून लाच मागितल्याचा आरोप होता. पोलिसांनी दुसऱ्या एका डॉक्टरच्या संमतीने त्याच्या टेलिफोनला टेपरेकॉर्डर जोडला आणि मलकानींचं बोलणं टिपलं. मलकानी म्हणाले, हे बेकायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1972 साली ते मानलं नाही. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाने स्वतःहून टिपू दिलं होतं, त्यामुळे तो टेप पुराव्यात धरला गेला. अटी तीन: बोलणं विषयाला धरून असावं, आवाज कोणाचा ते ओळखता यावं, आणि टेपमध्ये खाडाखोड झालेली नसावी. आपला स्वतःचा फोन टिपणाऱ्याला आजही याच अटी उपयोगी पडतात. टिपलेलं मात्र तक्रारीपुरतं वापरावं. एजंटचा आवाज फेसबुकवर टाकला तर वेगळंच लचांड मागे लागतं.

साधनांचं म्हणाल तर, 2022च्या मे महिन्यापासून गुगलने प्ले स्टोअरवरच्या बाहेरच्या रेकॉर्डिंग अॅपांची वाट बंद केली. आता फोनमध्ये मुळात असलेली सोयच वापरावी लागते. गुगलचं फोन अॅप आणि आयफोनची 2024मध्ये आलेली सोय दोन्ही बाजूंना ‘रेकॉर्डिंग सुरू आहे’ असं ऐकवतात. ते ऐकून एखादा एजंट फोन ठेवून देतो. तसं झालं तर तेही वेळेसह लिहून ठेवावं. सोयच नसेल तर स्पीकर लावून शेजारी दुसरा फोन ठेवायचा, काम भागतं.

इथे एक धोका फार जणांच्या लक्षात येत नाही. एजंटपर्यंत पोचण्याआधी आपण बटणं दाबून कार्डाचा नंबर, कधी पिनही देतो. त्या बटणांच्या ‘टूं टूं’ आवाजात प्रत्येक आकड्याचा सूर वेगळा असतो, आणि तो रेकॉर्डिंगमधून परत आकड्यात उलगडता येतो. म्हणून बटणांचं काम संपल्यावर, माणूस बोलायला लागला की मगच रेकॉर्डिंग सुरू करावं. उशिरा लक्षात आलं तर बँकेला पाठवायच्या प्रतीतून तो तुकडा काढावा. मूळ फाइलला मात्र हात लावू नये, तिचं नावही बदलू नये. ती व्हॉट्सअॅपने पाठवायची झाली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

आता नाशिकच्या बाईंचं बोलणं. एजंट हिंदीत बोलत होता. नवव्या मिनिटाला तो म्हणाला, ‘मैम, मैंने रिक्वेस्ट रेज़ कर दी है.’ हे वचन नव्हे. त्याने एक नोंद केली, एवढाच त्याचा अर्थ. बाईंनी विचारलं, ‘पैसे परत मिलेंगे या नहीं?’ तेव्हा अकराव्या मिनिटाला उत्तर आलं, ‘चार्ज रिवर्स हो जाएगा, सात वर्किंग डेज़ में.’ हे वचन. कागदावर उतरवायचं वाक्य हे. ते त्याच भाषेत, त्याच शब्दांत उतरवावं. मराठी करायला गेलं की ‘बघतो’चं ‘करतो’ होतं आणि बँकेला नेमकी तीच फट सापडते. फोन आपोआप लिहून देतो त्या मजकुरावरही विसंबू नये. हिंदी-मराठी-इंग्रजीची खिचडी असली की त्यात आकडे हमखास चुकतात, आणि आपल्याला तर आकडेच हवे असतात.

सात वर्किंग डेज़ म्हणजे कोणती तारीख? 14 मार्चला धुळवड, 16ला रविवार. 15 तारखेचा शनिवार तिसरा, म्हणजे बँका चालू. तो धरला तर सातवा दिवस 19 मार्च येतो. कॉल सेंटरवाले शनिवार मोजत नसतील तर 20. एका दिवसाचा फरक किरकोळ वाटतो, पण मुदत कधी संपली हे दोन्ही बाजूंना एकच दिसलं पाहिजे. त्यामुळे फोनवरच म्हणायचं, ‘मतलब कौन सी तारीख?’ त्याने 20 सांगितली. मग 20च लिहायची.

आणखी एक प्रश्न विचारायचा राहू नये: ‘यह कम्प्लेंट है या सिर्फ़ रिक्वेस्ट?’ बँकेच्या संगणकात विचारणा, विनंती आणि तक्रार यांचे कप्पे निराळे असतात. विनंती ‘क्लोज़’ झाली तरी आपल्याला कोणी काही कळवेलच असं नाही. तक्रारीचं तसं नाही. रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेनुसार ग्राहकाने आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते, आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर लोकपालाकडे जाता येतं. मात्र या योजनेत ‘लेखी’चा अर्थ बराच सैल ठेवलेला आहे. दुसऱ्या कुठल्याही मार्गाने केलेली तक्रार चालते, फक्त ती केल्याचा पुरावा दाखवता आला पाहिजे. फोनवरच्या रेकॉर्डिंगची खरी किंमत इथे आहे. त्यातला तक्रार क्रमांक ऐकू येत असेल तर 30 दिवस 10 मार्चपासून मोजता येतात आणि 9 एप्रिलला पुरे होतात. ऐकू येत नसेल तर ई-मेल पाठवल्याच्या दिवसापासून नव्याने मोजावे लागतात.

20 मार्च उलटला, पैसे आले नाहीत. 21ला बाईंनी पुन्हा फोन केला. यावेळी उत्तर मिळालं, ‘शर्तों के हिसाब से चार्ज सही है.’ असं उत्तर मिळालं की माणूस चिडून भांडायला लागतो. बाईंनी भांडण केलं नाही, एवढंच विचारलं की 10 तारखेची नोंद समोर दिसते का. ‘हाँ, दिख रही है, क्लोज़्ड है,’ असं तो म्हणाला. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच. पहिला फोन झाल्याचं यात बँकेच्याच तोंडून कबूल झालं.

22 मार्चला बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला ई-मेलने गेलेला कागद साधारण असा होता:

‘विषय: वार्षिक शुल्क नसलेल्या कार्डावर लावलेले रु. 1178.82 परत मिळणेबाबत. कार्डाचे शेवटचे चार अंक अमुक. तक्रार क्रमांक अमुक, दि. 10 मार्च 2025.

दि. 5 मार्च: बिलात शुल्क रु. 999 व जीएसटी रु. 179.82 लागले. कार्ड शुल्कमुक्त असल्याचे पत्र सोबत जोडले आहे.

दि. 10 मार्च, दुपारी 3.12, 23 मिनिटे: रेकॉर्डिंगच्या 11व्या मिनिटाला आपल्या प्रतिनिधीने सांगितले, “चार्ज रिवर्स हो जाएगा, सात वर्किंग डेज़ में”. तारीख विचारता 20 मार्च सांगितली.

दि. 20 मार्च: रक्कम जमा नाही.

दि. 21 मार्च, सकाळी 11.40: चौथ्या मिनिटाला प्रतिनिधीने 10 मार्चची नोंद दिसत असल्याचे व ती बंद केल्याचे सांगितले.

मागणी: रु. 999 व रु. 179.82 दोन्ही, तसेच त्यावर लागलेले व्याज वा विलंब शुल्क परत करावे. दोन्ही कॉलचे आपल्याकडील ध्वनिमुद्रण जपून ठेवावे.’

यात ‘मनस्ताप’, ‘लूट’ असले शब्द नाहीत. राग खोटा होता म्हणून नव्हे, तर त्या शब्दांवर अधिकाऱ्याला काही करता येत नाही म्हणून. ‘शुल्क फार आहे’ असंही कुठे लिहिलेलं नाही, आणि तेही जाणूनबुजून. बँकेचा व्यावसायिक निर्णय हा लोकपालाचा विषय नाही, तशी तक्रार दारातूनच परत येते. सांगितलं एक आणि लावलं दुसरं, ही मात्र सेवेतली त्रुटी ठरते. जीएसटी वेगळा मागायचं कारण निराळं. पुष्कळदा शुल्क परत येतं आणि कर तसाच राहून जातो. ध्वनिमुद्रण जपायची मागणी यासाठी, की फोनच्या सुरुवातीला ‘हा कॉल रेकॉर्ड होत आहे’ असं बँकच ऐकवते. उद्या आपल्या फाइलवर कोणी शंका घेतली तर बँकेने स्वतःची काढून दाखवावी.

तोवर बिलाचं काय करायचं? वाद नसलेली सगळी रक्कम वेळेत भरावी. वादाच्या 1178 रुपयांपायी पूर्ण बिल थकवलं तर व्याज आणि क्रेडिट स्कोअर दोन्ही अंगावर येतात. बिलाबद्दल ग्राहकाने तक्रार केली तर बँकेने 30 दिवसांच्या आत खुलासा आणि गरज पडल्यास कागदोपत्री पुरावाही द्यावा, असं रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डांविषयीच्या निर्देशांत आहे. हे वाक्य कागदाच्या शेवटी जोडायला हरकत नाही.

नोडल अधिकाऱ्याकडूनही काम झालं नाही, तर हाच कागद cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जातो. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, चौकशीही संक्षिप्त असते. न्यायालयात जायची वेळ आली तर मात्र रेकॉर्डिंगसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश, म्हणजे संगणकाने काढलेला तिचा ठसा, नोंदवावा लागतो. मूळ फाइलचं एक सेकंदही कापलं तरी हा ठसा बदलतो.

पैसे परत आले की बहुतेक जण फाइल बंद करतात. तेवढ्यात एक ओळीचा ई-मेल आणखी पाठवावा: कार्ड शुल्कमुक्त असल्याची नोंद खात्यात केल्याचे लेखी कळवावे. कारण परत आलेलं शुल्क ‘या वर्षापुरती सूट’ म्हणून नोंदवलेलं असू शकतं, आणि तसं असेल तर पुढच्या मार्चच्या बिलात ते 999 रुपये पुन्हा लागतील.