दोन मिनिटांत बहात्तरचा दुष्काळ

शाळेच्या इतिहास प्रदर्शनात स्वागताचं भाषण बहुधा पाहुण्यांच्या नावांतच संपतं. विषयाच्या वाट्याला ‘उद्बोधक’ असं एखादं विशेषण येतं, की फीत कापायची. पण सगळे एका जागी उभे असतात ते तेवढा वेळच. एकदा दालनात शिरले की जो तो आपापल्या टेबलाकडे. त्यामुळे प्रदर्शन कशाचं आहे हे तिथेच सांगून टाकावं. समजा, विषय १९७२चा दुष्काळ आहे. नववीतल्या एखाद्या मुलीने असं बोलावं:

“नमस्कार. या टेबलावर घण आणि खडी ठेवली आहे. १९७२ साली महाराष्ट्रात पाऊस फिरकला नाही. शेतात काम नाही म्हणून हातात मजुरी नाही, आणि मजुरी नाही म्हणून दुकानात धान्य असलं तरी घ्यायचं कशाने? तेव्हा सरकारने दुष्काळी कामं काढली. लाखो माणसं, त्यांत बायकाही पुष्कळ, रस्त्यांवर, पाझर तलावांवर राबली. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो. मागेल त्याला काम द्यावं, हा विचार वि. स. पागे यांनी आधीच मांडला होता. पुढे १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. आमचा प्रश्न एकच आहे: त्या वर्षी आपल्या गावातली माणसं कशावर जगली? डावीकडे आजी-आजोबांच्या आठवणी आहेत, उजवीकडे जुने कागद. दोन्ही जुळत नाहीत तिथे आम्ही पिवळी चिठ्ठी लावली आहे. या, बघा.”

एवढंच. यात पावसाचे मिलिमीटर नाहीत, ‘भीषण वास्तव’ही नाही. माझ्या मते भाषणाचा कणा म्हणजे तो एक प्रश्न. ‘दुष्काळ: काल, आज आणि उद्या’ असा विषय ठेवला असता तर तो प्रश्न सुचलाच नसता, आणि मुलांनी इंटरनेटवरून तडकलेल्या जमिनीचे फोटो चिकटवले असते. (ते तसेही दोनचार येतातच.)

पिवळ्या चिठ्ठीचा उल्लेख मात्र गाळू नये. मिलो १९६५-६६च्या टंचाईतही आला होता, त्यामुळे आजोबा ‘बहात्तरला मिलो खाल्ला’ म्हणतात तेव्हा दोन दुष्काळ एकमेकांत मिसळलेले असू शकतात. ते खोटं बोलत नाहीत, पण साल तपासावं लागतं. आजोबा तेव्हा कितवीत होते, घरात कोणाचं लग्न झालेलं होतं, असं विचारलं की बरंचसं उलगडतं. जुनं रेशनकार्ड कोणाच्या ट्रंकेत निघालं तर उत्तमच. चिठ्ठीचं कारण भाषणात आधीच सांगितलेलं असलं, की तिच्यापाशी थांबलेला एखादा म्हातारा पाहुणा स्वतःहून आपली आठवण सांगायला लागतो. म्हणून त्या टेबलापाशी वही-पेन घेऊन एक मुलगा उभा करावा.