गहाळ जानेवारीची दोन वर्षं

दुधाच्या धंद्यात वर्ष दोन भागांत विभागलेलं असतं. थंडीत जनावरं भरपूर दूध देतात, तो पुष्टकाळ. उन्हाळ्यात दूध आटतं, तो कृशकाळ. म्हणून संकलन केंद्राच्या मे महिन्याच्या आकड्याची तुलना जानेवारीच्या आकड्याशी करून धंदा वाढला की घटला हे कळत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे बारा महिन्यांची फिरती बेरीज. दर महिन्याच्या अखेरीस मागच्या बारा महिन्यांचं दूध एकत्र मोजायचं. पुढच्या महिन्यात नवा महिना आत घ्यायचा आणि सर्वांत जुना बाहेर काढायचा.

या साध्या कृतीत एक गंमत दडलेली आहे. जानेवारी २०२४ आत येतो तेव्हा बाहेर पडतो तो जानेवारी २०२३. म्हणजे डिसेंबरअखेरच्या बेरजेपेक्षा जानेवारीअखेरची बेरीज जेवढी बदलली, तेवढाच फरक दोन जानेवारींमध्ये असतो, ना एक लिटर कमी, ना एक जास्त. थंडी थंडीला खोडते, उन्हाळा उन्हाळ्याला. ऋतूंचं कसलंही सूत्र न मांडता नुसत्या बेरीज-वजाबाकीत ऋतू गळून पडतो!

आता या बेरजेतला एक महिनाच हरवू द्या. समजा, एका केंद्रात २०२२-२३ मध्ये कृशकाळाच्या सहा महिन्यांत दरमहा ८ हजार लिटर आणि पुष्टकाळाच्या सहा महिन्यांत दरमहा १२ हजार लिटर दूध आलं. वर्षाचे झाले १२० हजार. पुढे दर वर्षी प्रत्येक महिन्यात सरळ ५ टक्के वाढ होत गेली. म्हणजे २०२३-२४ चे १२६ हजार व्हायला हवेत. पण जानेवारी २०२४ ची वही पाण्यात भिजली आणि संगणकातही नोंद नाही. त्या महिन्याचे १२.६ हजार लिटर गेले. उरले ११३.४ हजार. १२० शी तुलना केली की वाढीच्या जागी साडेपाच टक्क्यांची घट दिसते.

गोष्ट इथे संपत नाही. ती रिकामी जागा डिसेंबर २०२४ पर्यंतच्या प्रत्येक बेरजेत, म्हणजे बारा वेळा येणार. जानेवारी २०२५ मध्ये ती बेरजेतून बाहेर पडते, पण लगेच तुलनेच्या पायात, म्हणजे आदल्या वर्षीच्या बेरजेत जाऊन बसते. मार्च २०२५ अखेरची बेरीज १३२.३ हजार, तीही अगदी पूर्ण. तिला ११३.४ ने भागलं की १६.७ टक्क्यांची झकास वाढ निघते आणि कुणीतरी पेढे मागवतं. एका भिजलेल्या वहीने बारा महिने खोटी मंदी दाखवली, नंतर बारा महिने खोटी तेजी. रोग ओळखायची खूणही हीच. आलेख एका महिन्यात पायरीसारखा खाली उतरला, बरोबर बारा महिने तिथेच राहिला आणि मग तेवढ्याच झटक्यात वर चढून आणखी बारा महिने टिकला, तर बाजारात काय घडलं हे शोधण्याआधी वही तपासावी. खरी मंदी इतकी कॅलेंडर बघून वागत नाही.

पहिला सुचणारा इलाज असा, की उरलेल्या अकरा महिन्यांची सरासरी काढून बाराने गुणायचं. तसं केलं तर १२३.७ हजार येतात आणि वाढ ३.१ टक्के दिसते. त्याऐवजी मे गहाळ असता, तर हीच रीत ६.९ टक्के सांगते. हरवलेला महिना पुष्टकाळातला की कृशकाळातला, यावर उत्तर ठरतं. म्हणजे जो ऋतू आपण मोठ्या युक्तीने बाहेर काढला होता, तोच मागच्या दाराने परत आत येतो.

खरा इलाज अगदी सोपा आहे. या वर्षी जानेवारी नाही ना? मग गेल्या वर्षीचाही जानेवारी काढा. १२० मधून १२ गेले, उरले १०८. ११३.४ भागिले १०८ म्हणजे १.०५. पाच टक्के! पुढच्या वर्षीही तसंच. १३२.३ मधून जानेवारी २०२५ चे १३.२३ वजा करा आणि ११३.४ ने भागा, पुन्हा तेच पाच. जोडी असलेले महिनेच मोजायचे, एवढाच नियम.

मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते पुढचं. वाढ काढण्याऐवजी रिकामी जागा भरायची असेल, तर गेल्या वर्षीच्या जानेवारीला जोडीतल्या महिन्यांच्या वाढीने गुणतात. १२ गुणिले १.०५, म्हणजे १२.६. ही भर घालून पूर्ण बारा महिन्यांची वाढ काढली, तरी ती पाच टक्केच येते. वगळणं आणि भरणं या दोन उलट दिशांच्या वाटा एकाच आकड्यावर येऊन मिळतात, आणि तेही केवळ या उदाहरणात नाही, नेहमीच.

संगणकावर मात्र एक सापळा आहे. महिना गहाळ असतो तेव्हा बहुधा त्याची ओळच नसते. ‘मागच्या बारा ओळी’ मागितल्या, की संगणक निमूटपणे आणखी एक महिना मागे जातो. मार्च २०२४ अखेरच्या बेरजेत जानेवारी एकही नाही आणि मार्च दोन, २०२४ चा आणि २०२३ चा! ओळी बाराच भरतात, म्हणून शंकाही येत नाही. आधी कॅलेंडर पूर्ण करून रिकाम्या ओळी घालाव्या लागतात. पायथॉनच्या पांडाज ग्रंथालयात ते काम पहिली ओळ करते:

```python
s = s.asfreq("MS")
p = s.shift(12)
a = s.where(p.notna()).rolling(12, min_periods=9).sum()
b = p.where(s.notna()).rolling(12, min_periods=9).sum()
yoy = a / b - 1
```

इथे `s` म्हणजे महिन्याच्या पहिल्या तारखेने लावलेले आकडे. `min_periods=9` म्हणजे निदान नऊ जोड्या असल्याशिवाय उत्तर देऊ नकोस. नऊ हा काही शास्त्राने ठरवलेला आकडा नाही, तो आपण ठरवायचा. सहाच जोड्या उरल्या आणि सहाही पुष्टकाळातल्या असल्या, तर ती थंडीची वाढ झाली, वर्षाची नव्हे.

या रीतीची खरी मर्यादा वेगळी आहे. हरवलेला महिना बाकीच्यांसारखाच वाढला असेल, असं ती गृहीत धरते. वही भिजली असेल तर ते ठीक. पण जनावरांत लाळ्या-खुरकूत पसरल्यामुळेच केंद्र बंद राहिलं असेल, तर नेमकी वाईट बातमीच आपण वगळली. असा प्रसंग देशपातळीवरही आला. करोनाच्या साथीत १९ मार्च २०२० पासून देशातल्या १,११४ शहरी बाजारांत आणि १,१८१ गावांत ग्राहक किंमत निर्देशांकासाठी जाऊन भाव टिपण्याचं काम थांबलं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने नंतर एप्रिल आणि मेचे आकडे अंदाजाने भरून दिले. पण रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीने त्या ऑगस्टमध्ये म्हटलं, की धोरणापुरते हे दोन महिने मालिकेतला खंड समजावेत. ते महिने बाकीच्यांसारखे नव्हते, हे उघडच होतं.

त्याच एप्रिलमध्ये मारुती सुझुकीची देशांतर्गत विक्री शून्य होती. हा आकडा गहाळ नव्हे, तो मोजलेला आहे. शून्य गाड्या खरोखरच विकल्या गेल्या. तो वगळायचा नाही, बेरजेत शून्य म्हणूनच धरायचा. एप्रिल २०२१ ची एका महिन्याची वाढ मात्र काढताच येत नाही, कारण भागायचं शून्याने. बारा महिन्यांची बेरीज मात्र दोन्ही वर्षांची निघते आणि तिच्यात तो शून्य बाकीच्या अकरा महिन्यांशेजारी निमूट बसतो. त्यामुळे तक्त्यात रिकामी चौकट आणि ० यांच्यासाठी निरनिराळ्या खुणा हव्यात. कितीतरी कार्यालयांत तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून रिकाम्या चौकटीत कुणीतरी ० भरून टाकतो, आणि मग ती वही भिजली होती की दुकान बंद होतं, हे त्या तक्त्यावरून कुणालाच सांगता येत नाही.